शंभरातल्या चार लीग

उमरग्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. आमचा विभाग म्हणजे एक खोली, त्यात बारा कंप्युटर, त्यांतले नऊ चालू. तिसऱ्या वर्षाला सिम्युलेशन नावाचा एक भाग असतो. पुस्तकात त्यासाठी नाणी आणि फासे दिलेले असतात. पायथनमध्ये दहा हजार वेळा नाणं उडवायचं आणि निम्म्या वेळा छापा आला म्हणून समाधान मानायचं. मुलांना त्यात काही राम वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या वर्षी आमच्या मुलींचा खो-खो संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळत होता. आठ संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. सामने रविवारी. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. गुण समान झाले तर साऱ्या सामन्यांतल्या जिंकण्या-हरण्याच्या फरकाची बेरीज धरायची. नऊ फेऱ्या झाल्या होत्या. क्रीडाशिक्षक सर गुणतक्ता छापून घ्यायला आमच्या खोलीत आले, कारण ऑफिसचा प्रिंटर बंद होता. सर मूळचे भूम तालुक्यातल्या ईटचे. बोलणं कमी, शिट्टी जास्त. तक्त्यात पहिल्या संघाचे पंधरा गुण होते, दुसऱ्याचे चौदा, आणि आमचे तेरा.

"मॅडम, आपल्याला चान्स किती?" त्यांनी सहज विचारलं.

मी म्हटलं, "काढून देते."

त्या प्रश्नातून आमच्या वर्गाला नाण्यापेक्षा बरं काहीतरी मिळालं. झालेल्या छत्तीस सामन्यांचे आकडे सरांकडं होतेच. त्यांतून आम्ही प्रत्येक संघाची ताकद काढली. म्हणजे तो संघ सरासरी किती गुणांनी जिंकतो किंवा हरतो, समोर कोण होतं ते लक्षात घेऊन. नऊ सामन्यांवर फार विसंबू नये म्हणून ती ताकद थोडी शून्याकडं ओढून घेतली. मग उरलेले वीस सामने कंप्युटरला खेळायला लावले. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांच्या ताकदीतला फरक घ्यायचा आणि त्यात नशिबाचा एक आकडा मिळवायचा. तो आकडा कधी मोठा, कधी उणे, पण आधीच्या सामन्यांत निकाल जेवढे वरखाली झाले होते तेवढ्याच मापाचा. आलेलं उत्तर पूर्णांकात आणायचं. शून्य आलं तर बरोबरी. वीसही सामने झाले की गुण मोजायचे आणि विजेता टिपायचा. झाली एक लीग. अशा दहा हजार लीग. आपला संघ त्यांतल्या जितक्या वेळा पहिला येतो तो त्याचा चान्स.

पहिल्यांदा आमचा आकडा आला शंभरात चोवीस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मी तसं कळवलंही.

दुसऱ्या दिवशी तक्ता नीट दिसावा म्हणून मी संघ क्रमवारीनं लावले. आधी आमचं कॉलेज सगळ्यांत वर होतं, कारण यादी आम्हीच लिहिली होती. आता ते तिसऱ्या ओळीत गेलं, आणि आमचा चान्स चोवीसवरून सतरावर आला. ओळ बदलल्यानं संघाची ताकद बदलत नाही, म्हणजे चूक आमची होती. शोधल्यावर सापडली. विजेता शोधायला आम्ही जी आज्ञा वापरली होती ती सर्वांत मोठा आकडा ज्या ओळीत पहिल्यांदा दिसतो ती ओळ देते. दोन संघांचे गुण समान झाले की ती मुकाट्यानं वरच्या ओळीला विजेता करत होती. समान गुणांचा नियम आम्ही लिहिलाच नव्हता. सगळ्या संघांचे चान्स मिळून बेरीज शंभरच भरत होती, म्हणून शंका आली नाही. फरकाच्या बेरजेत आम्ही वरच्या दोघांच्या मागं होतो, त्यामुळं नियम लिहिल्यावरही आमचे सतराच राहिले.

मी मैदानावर जाऊन सरांना सांगितलं. ते चुना मारत होते. हातातला डबा खाली ठेवून म्हणाले, "सतरा का. बरं झालं, पोरींना काय बोललो न्हाय अजून."

त्याच आठवड्यात सरावात कर्णधाराचा गुडघा दुखावला.

ही मुलगी जळकोटजवळच्या वस्तीवरची. घरी मेंढरं आणि थोडी जमीन. रोज सकाळच्या एसटीनं हायवेनं उमरग्याला यायची आणि संध्याकाळचा सराव करून परत जायची. माझ्याच वर्गात होती, पण वर्गात ती मागच्या बाकावर असे आणि मैदानावर सगळ्यांच्या पुढं. पळायला उभी राहिली की पाठलाग करणाऱ्यांचा जीव काढायची. त्या दिवशी खांबाजवळ वळताना पाय रुतला आणि गुडघा पिळला. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की फाटलं वगैरे काही नाही, सूज आहे, तीन आठवडे आराम दिला तर उतरेल. तशीच खेळली आणि पुन्हा पिळला तर मात्र लांबेल, कदाचित ऑपरेशनवर जाईल.

तीन आठवडे म्हणजे दोन सामने, कारण मधला एक रविवार लीगला सुट्टीचा होता.

सर पुन्हा आमच्या खोलीत आले. या वेळी बसले.

"मॅडम, ती दोन सामने बसली तर चान्स किती उतरतो? ते निघंल का?"

मी म्हटलं, "निघेल, पण ती नसताना संघ किती कमी पडतो हे कंप्युटरला माहीत नाही. ती एकही सामना चुकलेली नाही. ते तुम्ही सांगायचं."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दोन गुण. सामन्याला दोन गुणांचा फरक."

त्या दोन सामन्यांपुरती मी आमच्या ताकदीतून दोन वजा केले आणि दहा हजार लीग पुन्हा खेळवल्या. तेरा आले. पुन्हा चालवलं, साडेतेरा. एवढा फरक दर वेळी होतोच, दहा हजारांतही नशीब थोडं हलतं. सतरावरून तेरा, म्हणजे चारची घट.

"आणि खेळली, आणि पयल्याच सामन्यात गुडघा गेला तर?"

तिला पुढच्या पाचही सामन्यांतून काढून टाकलं. आठ आले.

मी कागदावर तीन आकडे लिहिले. खेळली आणि काही झालं नाही तर सतरा, बसवली तर तेरा, खेळली आणि लगेच मोडली तर आठ. मग मी शिक्षकी सवयीनं पुढचं गणितही मांडलं. नुसत्या विजेतेपदाचाच विचार केला तर गुडघा जाण्याचा धोका शंभरात चव्वेचाळीसच्या खाली असेपर्यंत तिला खेळवणंच फायद्याचं. आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून धोका एवढा नव्हता.

"म्हणजे कंप्युटर म्हणतो, खेळवा," सर म्हणाले.

"कंप्युटरला फक्त लीग दिसते. गुडघा त्यात कुठंच लिहिलेला नाही."

मी त्यांना आणखी एक आकडा सांगितला. तिची किंमत दोनऐवजी चार गुण धरली तर बसवल्यावर चान्स दहावर येत होता.

"मग सात जातील," ते म्हणाले. "चार काय, सात काय. एवढ्यासाठी पोरीचा गुडघा पणाला लावू व्हय मी?" कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली. "बसवतो."

तिला ते कळलं तेव्हा ती सरळ माझ्याकडं आली. सरांशी भांडता येत नाही, मग माझ्याशी. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुमच्या कंप्युटरनं मला बसवलं म्हणं."

"कंप्युटरनं नाही, सरांनी."

"चार टक्क्यांचा फरक पडतो, असं सर म्हणाले. चार टक्के म्हणजे काय ओ?"

"शंभर लीग खेळलो तर त्यांतल्या चार जास्त हरू."

"आपण एकच खेळतोय."

ती वळून गेली. चालताना पाय किंचित ओढत होती, आणि ते मला दिसू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालत होती.

पहिला सामना आम्ही परगावी एका गुणानं हरलो. तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी पळाली. चांगली पळाली, पण शेवटच्या मिनिटाला बाद झाली, आणि जीपमधून परत येताना उमरगा येईपर्यंत रडत होती. कर्णधार तिच्या शेजारी बसली होती. तिनं त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला होता. पुढचा सामना आमच्या मैदानावर झाला आणि आम्ही जिंकलो. तोवर पहिल्या संघानं आपले दोन्ही जिंकले होते. मी आकडे भरून पुन्हा चालवलं तर आमचा चान्स शंभरात दोन-तीनच उरला होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी तिला परवानगी दिली. ती आली आणि संघ बदलल्यासारखा खेळायला लागला. पुढचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो. पण पहिल्या संघानं एक जिंकला आणि एक बरोबरीत सोडवला. त्यांचे बावीस झाले आणि आमचे एकोणीस. सामना एकच उरला होता, त्यामुळं विजेतेपद शेवटच्या फेरीआधीच त्यांचं झालं.

शेवटचा सामना त्यांच्याशीच होता, आमच्या मैदानावर. गावातली माणसं, ट्रकवाले, शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाया असे कितीतरी बघायला जमले. कर्णधार अशी पळाली की समोरच्या दोघी-तिघी एकमेकींवर आदळल्या. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. पोरींनी तिला उचललं. ती वरूनच फलकाकडं बघत होती.

आमचे एकवीस झाले. त्यांचे बावीस.

हिशेब करायला कंप्युटर लागत नव्हता. ती बसलेली असताना एका गुणानं गेलेला तो सामना जिंकलो असतो तर तेवीस झाले असते. हा हिशेब मैदानावरच्या प्रत्येकानं मनात केला. सर चुन्याचे डबे गोळा करायला लागले, एरवी ते काम मुली करत.

नंतर चार-पाच दिवस ती कॉलेजला आली नाही. एके दुपारी तिचे वडील आले. उन्हानं रापलेले, डोक्याला फेटा, हातात चप्पल. विभागाच्या दाराबाहेर त्यांनी ती काढून ठेवली होती आणि मग कुणी नेईल म्हणून पुन्हा हातात घेतली होती. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. ते कडेला टेकले.

"मॅडम, पोरगी घरात बोलंना झालीया," ते म्हणाले. "गुडघा बरा हाय. मेंढरामागं जाती, येती, पर बोलत न्हाय. आईनं इचारलं तर म्हणती, कंप्युटरच्या मॅडमला इचारा. म्हणून आलो. आमाला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी बोला तिच्याशी."

"माझ्यावर रागावलीय ती."

"रागावली तरी तुमचंच नाव घेती. दुसऱ्या कुनाचं घेत न्हाय."

मी म्हटलं, "उद्या पाठवा. मी तिला दाखवते काय काय केलं होतं ते."

ती आली. नेहमीच्या मागच्या जागी न बसता माझ्या शेजारच्या कंप्युटरवर बसली. मी समजावण्याचा प्रयत्न केला नाही. नऊ फेऱ्यांनंतरचे, म्हणजे तिला बसवायचं ठरलं त्या दिवशीचे आकडे उघडले आणि कळफलक तिच्याकडं सरकवला.

"आधी तू खेळतेस असं चालव."

तिनं चालवलं. सोळा पूर्णांक आठ.

"म्हणजे मी सगळे सामने खेळले तरी शंभरात त्र्याऐंशी वेळा आपण हरतोच?"

"विजेतेपद हुकतं. हो."

तिनं तो आकडा वहीत टिपला. मग म्हणाली, "पण खरं तर तो सामना जिंकलो असतो की आपण. मी असते तर एक गुण कुठंच गेला नसता."

"कदाचित नसता गेला. मी नाही म्हणणार नाही. पण मग शेवटच्या फेरीला त्यांचे बावीस आणि आपले एकवीस असते. शेवटच्या दिवशी त्यांनी त्यांच्या दोन चांगल्या मुली बाहेर बसवल्या होत्या, आठवतंय? जिंकूनच बसले होते म्हणून. तसं असतं तर बसवल्या असत्या का?"

"न्हाय," ती हळूच म्हणाली. एवढं तिला खेळाडू म्हणून माहीतच होतं. "तरी मी हरवलं असतं त्यांना."

"हरवलंही असतं."

मग तिनं जे विचारलं ते माझ्या वर्गात आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणाली, "मॅडम, मी बसले आणि तरी आपण जिंकलो, अशा तेरा लीग आहेत ना शंभरात? त्यातली एक दाखवा. पूर्ण."

दहा हजारांतली एक लीग उघडून बघायचं माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. आम्ही नुसते विजेते मोजत होतो. मी दोन ओळी बदलल्या. तिला दोन सामने बसवायचं, लीग खेळवत राहायचं, आणि आपण पहिले आलो की थांबून वीसही सामने छापायचे. नऊ लीग गेल्या. दहावीला थांबलं.

ती एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागली. "ह्यात तर पयला सामना आपण तीन गुणांनी हरलोय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "खऱ्यापेक्षा वाईट." पुढं वाचत गेली. दुसऱ्या सामन्यात आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो होतो. पहिला संघ लागोपाठ दोन हरला होता. "ह्या लोकांकडून हरतील ते? शेवटच्या नंबरवाल्यांकडून?"

"कधीतरी हरतात. फार वेळा नाही."

"मी बसले तेव्हा माझ्या जागी कोण पळालं?"

"कंप्युटरला ते माहीत नसतं. त्याला फक्त फरक माहीत."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि पहिल्या वर्षाच्या त्या मुलीचं नाव घेतलं. मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. ती लीग आम्ही एका गुणानं जिंकली होती. तिनं कागदावर छापून मागितली, घडी घातली नाही, वहीत सरळ ठेवली.

निघताना तिची नजर वरच्या एका ओळीवर गेली. "हे उणे दोन काय?"

"तू नसलीस की संघ दोन गुणांनी कमी पडतो. सरांचा अंदाज."

"दोनच?" तिचा चेहरा पडला. "सरांनी मला दोन गुण धरलं?"

"सामन्याला दोन गुण पुष्कळ असतात गं."

"चार टाका."

मी कळफलकाकडं बोट केलं. तिनं स्वतःच उणे चार टाकलं आणि चालवलं. दहा आले.

"बघा. मग सातचा फरक झाला. हे सरांना का नाही दाखवलं?"

"दाखवलं होतं. त्याच दिवशी."

तिनं कळफलकावरचा हात काढला.

"चार म्हणाले, सात म्हणाले, आणि बसवतो म्हणाले," मी सांगितलं. "आणि खेळवणंच फायद्याचं आहे असं माझं गणित सांगत होतं. तेही त्यांनी ऐकलं होतं."

तिनं पडदा बंद केला नाही, तशीच उठली. खिडकीतून मैदान दिसतं. सर तिथं एकटेच खांब काढत होते, कारण हंगाम संपला होता आणि जागा वॉलीबॉलवाल्यांना द्यायची होती. खांब पक्का रुतला होता. ते तो दोन्ही बाजूंनी हलवत होते.

"मी जाते, मॅडम," ती म्हणाली.

मी खिडकीतून पाहिलं. ती मैदानात गेली, दप्तर खाली ठेवलं आणि खांबाची दुसरी बाजू धरली. सरांनी तिच्या गुडघ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. दोघांनी मिळून खांब उपटला आणि भिंतीला नेऊन टेकवला. मग ते दुसऱ्या टोकाच्या खांबाकडं गेले.

संध्याकाळची एसटी तिला त्या दिवशी मिळाली नाही. सरांनी जळकोटकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या जीपमध्ये बसवून दिलं आणि वडिलांना फोन केला. फोनवर ते मोठ्यानं बोलतात, म्हणून मला खोलीत ऐकू आलं. "व्हय, गुडघा ठीक हाय," ते सांगत होते. "पोहोचंल तासाभरात. जेवण ठेवा."